गाडीच्या दाराला सिलिकॉन स्प्रे कुठे आणि साधा ऑइल स्प्रे कुठे? बिजागरी, लॉक आणि बीडिंग, एकेक करून

मे महिना संपत आला की गाडीची दारं बोलायला लागतात. बिजागरी करकरते, दाराच्या कडेचं रबर, म्हणजे बीडिंग, चिकटतं, मागची काच वर जाताना कण्हते. मग आपण हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा एक डबा आणतो आणि करकरणाऱ्या, चिकटणाऱ्या, अडणाऱ्या सगळ्या गोष्टींवर तोच मारतो. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच, आणि वर्षभराने बीडिंग फुगून बाहेर यायला लागतं ते वेगळंच. गॅरेजमध्ये विचारलं तर एक जण म्हणतो सिलिकॉन मारा, दुसरा म्हणतो ग्रीस लावा, तिसरा म्हणतो काही नको खोबरेल तेल बेस्ट. मी हे सगळं विचारत फिरलोय आणि करूनही बघितलंय, म्हणून इथे क्रमाने लिहितो. सगळं गाडीच्या दाराबद्दल आहे, घराच्या दाराचं शेवटी थोडक्यात.

१. आधी डब्यात काय असतं ते बघा

साधा ऑइल स्प्रे म्हणजे डब्ल्यूडी-४० आणि त्याच्यासारखे बाकीचे. या प्रकारात बराचसा भाग पेट्रोलियमच्या पातळ सॉल्व्हंटचा असतो आणि त्यात थोडं हलकं खनिज तेल. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारा. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला रॉकेट केमिकल नावाच्या छोट्या कंपनीत तो बनला, चाळिसाव्या फॉर्म्युल्याला जमलं म्हणून ४०, आणि पहिलं काम होतं अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू न देणं. म्हणजे मुळात हा पाणी हटवायला आणि गंजापासून वाचवायला बनलाय, बिजागरीत वर्षभर टिकायला नाही. सॉल्व्हंट फटीत आत शिरतो, गंज आणि जुनं घट्ट झालेलं ग्रीस सैल करतो, मग उडून जातो आणि मागे तेलाचा अगदी पातळ थर राहतो. तो थर दाराच्या वजनाखाली फार दिवस टिकत नाही, वर धूळ धरतो.

सिलिकॉन स्प्रेमध्ये सिलिकॉनचं तेल असतं, ते वाहून न्यायला एक उडून जाणारा सॉल्व्हंट आणि दाबासाठी बहुतेक वेळा एलपीजीसारखा गॅस. सॉल्व्हंट उडाला की गुळगुळीत, जवळपास कोरडा थर राहतो. तो रबर, प्लॅस्टिक आणि काचेवर छान चालतो, पाण्याने सहजी धुतला जात नाही, धूळही तेलापेक्षा कमी धरतो. पण लोखंडावर लोखंड जोरात घासतं तिथे सिलिकॉन कमजोर पडतं, दाबाखाली तो थर तुटतो. म्हणून बिजागरीत नुसतं सिलिकॉन मारलं तर आवाज थोडा कमी होईल पण झीज थांबणार नाही.

या दोघांच्या मध्ये तिसरा एक डबा लागतो, व्हाइट लिथियम ग्रीसचा स्प्रे. बाहेर येताना पातळ असतो म्हणून फटीत शिरतो आणि सॉल्व्हंट उडाल्यावर आत घट्ट होऊन बसतो. बिजागरी आणि दाराच्या लॅचला खरं वंगण हे. साधा ऑइल स्प्रे त्याच्या आधीची साफसफाई करतो, एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

२. सामान

- साधा ऑइल स्प्रे, छोटा डबा पुरतो
- सिलिकॉन स्प्रे, बारीक नळीवाला
- व्हाइट लिथियम ग्रीसचा स्प्रे. नाही मिळाला तर साधं ग्रीस आणि जुना टूथब्रश
- लॉकसाठी ग्रॅफाइट पावडर, नाहीतर ६बी पेन्सिल
- जुने सुती कपडे भरपूर, आणि बीडिंगसाठी वेगळं एक स्वच्छ मायक्रोफायबर
- गाडी धुवायचा शॅम्पू, पाणी, हातमोजे

दुकानात एक घोळ हमखास होतो. नुसतं "सिलिकॉन द्या" म्हणालात तर दुकानदार बाथरूमच्या फटी भरायची ट्यूब हातात ठेवेल. तो सीलंट आहे, चिकटवायचा. बीडिंगला लावलात तर दार उघडायचं वांधं होईल. "सिलिकॉन स्प्रे, लुब्रिकंट" असं पूर्ण बोला आणि डब्यावर रबरला चालतो असं लिहिलंय का ते वाचा, कारण काही स्वस्त स्प्रेमध्ये नावाला सिलिकॉन आणि बाकी खनिज तेल मिसळलेलं असतं. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश ही आणखी वेगळी वस्तू, ते काचेच्या चॅनलमध्ये मारू नका.

३. आवाज नक्की कुठून येतोय ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि डबा रिकामा करत बसतात. गाडी शांत जागी लावा, काच खाली घ्या आणि दार अगदी हळू उघडा.

दार पूर्ण उघडेपर्यंत करकर येत राहिली तर बिजागरी. वरच्या बिजागरीवर बोट ठेवा, मग खालच्या, जी आवाज करते तिची थरथर बोटाला कळते. आवाज ठराविक दोन जागीच आला, कट्ट करून, तर तो डोअर चेक, म्हणजे दोन बिजागऱ्यांच्या मधली ती लोखंडी पट्टी जी दार अर्धवट उघडं धरून ठेवते. दार सुटतानाच चर्र झालं, चिकटलेलं काहीतरी सोडवल्यासारखं, तर ते बीडिंग.

आणि दारं बंद असताना खड्ड्यातून जाताना कुरकुर येत असेल तर एक युक्ती करा. दाराच्या चौकटीवर लॅच जिथे अडकतं त्या लोखंडी कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, इलेक्ट्रिशियनच्या चिकटपट्टीचा एकच वेढा द्या आणि त्याच रस्त्याने फेरी मारा. आवाज गेला तर दोष लॅच-स्ट्रायकरचा, नाही गेला तर बीडिंग बघा. पट्टी नंतर काढून टाका, ती उपाय नाही, तपासणी आहे.

अजून एक. दार अर्धं उघडून हँडलच्या बाजूने खालून वर उचलून बघा. वर-खाली हललं तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलंय, तिथे कुठलाही स्प्रे काही करणार नाही, बदलावं लागतं.

४. बिजागरी

खाली कपडा धरा आणि नळीने साधा ऑइल स्प्रे पिनच्या वरच्या टोकाशी मारा, एक-दोन सेकंद बास. दार आठ-दहा वेळा उघडा-मिटा. जुन्या गाडीत खालून चहासारखं तपकिरी पाणी उतरतं, ती गंजाची भुकटी, तिच्यामुळेच करकर. पुसा, परत मारा, परत हलवा. उतरणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा. बरेच जण पहिल्या फवाऱ्यालाच आवाज बंद झाला म्हणून थांबतात आणि पंधरा दिवसात परत करकर, कारण घाण आतच राहिलेली असते आणि जुनं ग्रीस मात्र धुऊन गेलेलं असतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट.

स्वच्छ झालं की पुसून पंधरा-वीस मिनिटं सॉल्व्हंट उडू द्या. मग व्हाइट लिथियम ग्रीस पिनच्या वरून आणि खालून थोडं थोडं, दार हलवत मारा, बाहेर आलेलं पुसून टाका. डोअर चेकच्या पट्टीला त्याच ग्रीसचा पातळ हात दोन्ही बाजूंनी.

खोबरेल तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे पण आजी दाराला तेच घालायची आणि आवाज बंद व्हायचा हे खरंय. पण ते २४ अंशाच्या आसपासच गोठतं, थंडीत सकाळी बिजागरीत मेणासारखं बसतं आणि काही महिन्यांनी खवट होऊन चिकट होतं. घाईत एकदा चालेल, सवय नको.

५. लॅच आणि स्ट्रायकर

दाराच्या कडेला जो आकड्यासारखा भाग स्ट्रायकरला पकडतो तो लॅच. इथेही क्रम तोच, ऑइल स्प्रेने काळं झालेलं ग्रीस सैल करा, कपड्याने ओढून काढा, वाळू द्या, मग लिथियम ग्रीस. मागच्या दारात चाइल्ड लॉकची कळ इथेच असते, ती पण वर-खाली करून मोकळी करा आणि परत हवी त्या स्थितीत ठेवायला विसरू नका.

सापळा हा आहे: दार उघडं असताना बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने आकडा फिरवून बघितला की तो बंद स्थितीत अडकतो. तसंच दार ढकललं तर आकडा स्ट्रायकरवर जाऊन आदळतो, पत्रा किंवा लॅच काहीतरी वाकतं. दार लावायच्या आधी हँडल ओढून आकडा उघडा झालाय हे डोळ्याने बघा.

स्ट्रायकरवर ग्रीस नावापुरतंच. गाडीतून उतरताना ओढणी, पदर, पँट नेमकी तिथेच घासते आणि पांढरं ग्रीस धूळ खाऊन काळं झालं की तो डाग निघत नाही. लावा आणि कोरड्या कपड्याने एकदा पुसून टाका, उरतं तेवढं पुरतं.

६. किल्लीचं लॉक

रिमोटमुळे दाराच्या लॉकमध्ये किल्ली महिनोन् महिने जात नाही, आणि बॅटरी बसली की नेमकी तेव्हाच ती फिरत नाही. कोकणात, गोव्यात, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं.

लॉकच्या आत बारीक पत्र्या आणि त्याहून बारीक स्प्रिंगा असतात. इथे ग्रीस कधीच नाही. ऑइल स्प्रे मारला तर आज किल्ली फिरेल, पण तेलावर धूळ बसून लगदा होतो आणि सहा-आठ महिन्यांनी लॉक आधीपेक्षा जड. म्हणून जाम झालेल्या लॉकमध्ये ऑइल स्प्रे फक्त धुवायला वापरा: किल्लीच्या भोकावरचं छोटं झाकण नळीने आत ढकलून थोडा मारा, किल्ली घालून-काढून प्रत्येक वेळी पुसा, किल्ली स्वच्छ बाहेर यायला लागली की थांबा आणि एक दिवस वाळू द्या.

मग ग्रॅफाइट. पावडर चिमूटभर आत फुंकायची, किंवा ६बी पेन्सिल किल्लीच्या दातांवर चांगली काळी होईपर्यंत घासून किल्ली लॉकमध्ये दहाएक वेळा फिरवायची. ओल्या तेलावर मात्र ग्रॅफाइट टाकू नका, काळा चिखल होतो. ग्रॅफाइट नसेल तर सिलिकॉन स्प्रेचा एक छोटा फुसका चालतो, तेलापेक्षा बरा. दोन्ही एकत्र नकोत. आणि स्टिअरिंगजवळच्या इग्निशनच्या भोकात काहीच मारू नका, मागे विजेचा स्विच असतो, तिथे अडत असेल तर सरळ मेकॅनिककडे.

७. बीडिंग, म्हणजे दाराचं रबर

इथे सिलिकॉन आणि फक्त सिलिकॉन. कारण असं की गाडीचं बीडिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. हे रबर ऊन-पावसाला भारी, वर्षानुवर्षं तडकत नाही, पण खनिज तेल आणि पेट्रोलियम सॉल्व्हंट पिऊन फुगतं. सिलिकॉनचं तेल त्याच्यात शिरत नाही, वरच राहतं. ऑइल स्प्रेचा एखादा थेंब उडाला तर आकाश कोसळत नाही, पुसून टाका, प्रश्न दर महिन्याला भिजवण्याचा आहे. पेट्रोलियम जेली पण खनिजच, ती पण नको.

विश्वास बसत नसेल तर गॅरेजमधून जुन्या बीडिंगचा बोटभर तुकडा आणा, त्याचे दोन भाग करा, कागदावर ठेवून पेन्सिलने दोघांची रेघ मारा. एक साध्या ऑइल स्प्रेत बुडवून ठेवा, दुसऱ्याला सिलिकॉन पुसा. दुसऱ्या दिवशी परत त्याच रेघांवर ठेवून बघा. तेलातला तुकडा रेघेबाहेर आलेला दिसतो आणि दाबला तर पिचपिचीत लागतो.

माझ्या मावसभावाची चिपळूणची गाडी याच दुखण्याची. उघड्यावर आंब्याखाली उभी असायची, डाव्या मागच्या दाराचं बीडिंग चिकटायचं, म्हणून घरातलं जो कोणी गाडी धुवायचा तो शेवटी रबरावर ऑइल स्प्रे मारायचा. मी बघितली तेव्हा खालच्या कोपऱ्यात बीडिंग लांबलं होतं आणि लाट आल्यासारखं चौकटीतून बाहेर आलं होतं, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नव्हतं, आणि पाऊस आला की मागचा गालिचा ओला. कागदाची पट्टी दारात धरून दार लावून ओढून बघितली, बाकी सगळीकडे ती घट्ट धरली जात होती, त्या कोपऱ्यात सुळकन बाहेर. लाट आल्यामुळे रबर तिथे नीट बसतच नव्हतं. साबणाने धुऊन बरेच दिवस तसंच ठेवलं, थोडं आकसलं पण बसलं नाही, शेवटी त्या एका दाराचं बीडिंग बदललं. बाकी तीन दारांना नुसतं धुणं आणि सिलिकॉन पुरलं. मागचा ओलावा मात्र पूर्ण गेला तो दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी केल्यावर, आंब्याच्या मोहोराने ती गच्च भरली होती. त्यामुळे पाणी आत येतंय म्हटल्यावर सगळा दोष रबरावर टाकू नका, ती भोकं आधी बघा.

आता करायचं कसं. शॅम्पूच्या पाण्याने बीडिंग आणि चौकटीवरची त्याची बसायची जागा दोन्ही पुसा, कपडा काळा यायचा थांबेपर्यंत. पेट्रोल, थिनर, रॉकेल नाही. पूर्ण वाळू द्या, ओल्या रबरावर सिलिकॉन धरत नाही. मग सिलिकॉन कपड्यावर मारा आणि कपडा बीडिंगवरून फिरवा, घडीतही बोट घालून. दोन-चार मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कपड्याने जादाचं पुसा. हात लावल्यावर रबर रेशमी लागलं पाहिजे, ओलं नाही.

थेट फवारा का नको? कारण उडालेलं सिलिकॉन पत्र्यावर, काचेवर, सीटवर बसतं. काचेवर बसलं तर पावसात वायपर फिरला की धुरकट पट्टे. पत्र्यावर बसलं आणि उद्या त्या दाराचं पेंटिंग निघालं तर रंगात बारीक खड्डे पडतात, पेंटर त्याला फिशआय म्हणतात आणि तुमच्या नावाने शंख करतात. पेंटचं काम ठरलेलं असेल तर सिलिकॉन त्यानंतर. आणि पेडल, स्टिअरिंग, ब्रेकची डिस्क, टायर यांच्या आसपास तर तो डबा उघडूच नका, बाजूला बाइक उभी असेल तर ती आधी लांब न्या.

८. काच ज्या रबरात सरकते तो चॅनल

काच शेवटच्या वितीत मंद होत असेल, वर जाताना कण्हत असेल, तर बहुतेक वेळा मोटर ठीक असते, चॅनल कोरडा असतो. काच पूर्ण खाली घ्या, कपड्यात बोट गुंडाळून चॅनलची माती काढा, मग नळी आत घालून दोन्ही बाजूंना वरून खाली एकेक हलका फवारा. काच चार-पाच वेळा वर-खाली करा, काचेवर आलेलं सिलिकॉन पुसून घ्या. पॉवर विंडोच्या बटणांवर फवारा जाऊ देऊ नका, कपडा टाका वरती. एवढं करूनही मंदच असेल तर मग मोटर किंवा आतली तार.

९. किती वेळा, आणि डबा ठेवायचा कुठे

बीडिंग आणि चॅनल वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि पाऊस गेल्यावर दिवाळीच्या आधी. बिजागरी आणि लॅच वर्षातून एकदा पुरे, समुद्राजवळ राहत असाल तर दोनदा. लॉकमध्ये किल्ली महिन्यातून एकदा नुसती फिरवली तरी चालतं.

डबे गाडीत ठेवू नका. त्यांच्यावर ५० अंशाच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात उन्हात बंद गाडी त्याच्या पुढे जाते. मारताना सिगारेट, उदबत्ती, गॅस जवळ नको, गॅरेजचं शटर उघडं ठेवा.

१०. घरात हेच

लाकडी दाराची बिजागरी गाडीसारखीच, ऑइल स्प्रेने धुवा मग ग्रीस. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा ट्रॅक आधी ब्रशने झाडा, मग सिलिकॉन, तेल मारलंत तर पावसाळ्यात तिथे चिखलाची वडी जमते. गेटच्या कुलपाला ग्रॅफाइट, पण उघड्यावर पावसात भिजणारं कुलूप असेल तर त्याला पाणी काढायला ऑइल स्प्रे हाच बरा आणि दर पावसाळ्यात दोन-तीनदा मारावा लागतो. फ्रीजच्या दाराचं रबर चिकटत असेल तर सिलिकॉन कपड्याने अगदी पुसट, फ्रीज बंद करून. कुकरच्या रिंगला मात्र यातलं काहीच नाही, एक तर तिथे अन्न शिजतं, आणि दुसरं म्हणजे रिंग सिलिकॉन रबरची असेल तर सिलिकॉनच्या तेलानेच ती फुगते.